शेवटच्या कडव्यातली पट्टी

हार्मोनियमवर साथ करणारा माणूस गायकाला पहिला प्रश्न विचारतो तो पट्टीचा. "काळी चार की पांढरी पाच?" उत्तर मिळाले की त्या स्वराला षड्ज मानायचे, त्यावर तंबोरा जुळवायचा, तबला मिळवायचा आणि मैफल संपेपर्यंत त्या षड्जाला धक्का लावायचा नाही. गाणे कितीही वर जावो, तार सप्तकातल्या पंचमाला भिडो, षड्ज जिथे होता तिथेच असतो. आपल्या संगीताची सगळी इमारत या एका न हलणाऱ्या स्वरावर उभी आहे.

म्हणून एखादे गाणे शेवटाकडे येताना आपला षड्जच उचलून वर ठेवते, तेव्हा आपल्याकडच्या कानाला ते चटकन जाणवते. तेच धृपद, तेच शब्द, तीच चाल. पण सगळे एक पायरी, दोन पायऱ्या, कधी चार पायऱ्या वर. अंगावर काटा येतो, आणि पुढे वर्षानुवर्षे त्या गाण्यातले तेवढेच लक्षात राहते. नाव आठवत नाही, शब्द परक्या भाषेतले असल्याने कळलेलेच नसतात, चालही अर्धवट. "शेवटी ते एकदम वर जातं ना, ते गाणं," एवढीच खूण हाती उरते.

एवढ्या खुणेवरून गाणे शोधता येते का, हा या लेखाचा प्रश्न आहे. उत्तर बरेचसे होकारार्थी आहे. मात्र 'वर जातं' या दोन शब्दांची फोड आधी नीट करावी लागते.

चढ कशाचा?

गाणे शेवटी चढल्यासारखे वाटण्याची कारणे अनेक असतात आणि त्यातले पट्टीबदल हे एकच. भजनात शेवटी लय वाढते, टाळ दाट होतात, कोरस जोरात येतो. पट्टी तीच असते. नाट्यपदात गायक शेवटच्या आवर्तनांत तार षड्जावर मुक्काम करतो. तिथेही पट्टी तीच असते. चित्रपटगीतात शेवटच्या धृपदाला व्हायोलिनचा ताफा वरच्या सप्तकात शिरतो आणि आवाज भरून येतो. या सगळ्या जागा ऐकणाऱ्याला 'वर गेलं' असेच म्हणायला लावतात.

खरा पट्टीबदल ओळखण्याची कसोटी सोपी आहे आणि तिला हार्मोनियमची एक पट्टी पुरते. गाण्याच्या सुरुवातीचा षड्ज शोधायचा, म्हणजे ज्या स्वरावर धृपद विसावते तो, आणि ती पट्टी दाबून धरून गाणे शेवटपर्यंत ऐकायचे. गायक नुसता तार सप्तकात गेला असेल तर दाबलेला स्वर तंबोऱ्यासारखा खाली नांदत राहील. पट्टी बदलली असेल तर त्या क्षणापासून तोच स्वर परका वाटू लागेल. कुणी दुसऱ्याच गाण्याचा तंबोरा चुकून चालू ठेवावा तसा.

आणखी दोन गोष्टी बाजूला काढाव्या लागतात. मूर्च्छनेच्या प्रयोगात स्वर तेच राहतात, फक्त त्यातल्या दुसऱ्याच स्वराला षड्ज मानून वेगळ्या रागाची छाया दाखवली जाते. तिथे षड्ज सरकल्याचा भास असतो, पण चाल वर उचललेली नसते. भजन किंवा ठुमरी 'मध्यमाला षड्ज करून' गातात तेव्हाही बदल होतो तो गाणे सुरू होण्याआधी, मध्ये नव्हे. दुसरी गोष्ट युगुलगीतांची. स्त्री आणि पुरुष यांच्या गळ्यांची पट्टी वेगळी असल्याने काही गाण्यांत एकाच्या ओळी एका षड्जावर, दुसऱ्याच्या दुसऱ्यावर बांधलेल्या असतात. तो बदल गळ्याच्या सोयीसाठी असतो आणि गाण्यात पुन्हापुन्हा येऊन परत फिरतो. आपण शोधतो आहोत तो बदल बहुधा एकदाच येतो, शेवटाकडे येतो, आणि वर गेलेले गाणे पुन्हा खाली उतरत नाही.

उडी मोजायची कशी?

पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यांत हा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतका रुळला, की त्याची टिंगलही होऊ लागली. पण सगळ्या उड्या सारख्या नसतात, आणि ओळखीची किल्ली नेमकी तिथे आहे. उडी किती मोठी, हे सांगण्यासाठी आपल्याकडे तयार भाषा आहे: नवा षड्ज जुन्या षड्जाचा कोणता स्वर आहे, एवढेच विचारायचे.

मायकल जॅक्सनचे 'मॅन इन द मिरर' घ्या. १९८७च्या 'बॅड' या संग्रहातले हे गाणे पांढरी पाचच्या पट्टीत चालते आणि उत्तरार्धात काळी चारवर जाते. नवा षड्ज हा जुना कोमल रिषभ. म्हणजे सर्वांत लहान उडी, एका पट्टीची. ती येते तीही 'बदल' या अर्थाच्या शब्दावर, पाठीमागे चर्चमधल्यासारखा वृंद उभा असताना. व्हिटनी ह्यूस्टनचे १९९२चे 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' पांढरी सहावर आहे. शेवटच्या धृपदाआधी सगळे थांबते, ढोलाचा एकच ठोका पडतो आणि आवाज पांढरी सातवर फुटतो. नवा षड्ज हा जुना शुद्ध रिषभ. बॉन जोव्हीचे १९८६चे 'लिव्हिन ऑन अ प्रेअर' शेवटच्या धृपदाला कोमल गंधाराएवढे उडते. आणि 'टायटॅनिक' चित्रपटातले, जेम्स हॉर्नर यांनी चाल दिलेले आणि सेलिन डिऑन यांनी गायलेले १९९७चे 'माय हार्ट विल गो ऑन' पांढरी तीनवरून थेट काळी चारवर जाते. चार पट्ट्यांची उडी; नवा षड्ज म्हणजे जुना शुद्ध गंधार.

कोमल रिषभ, शुद्ध रिषभ, कोमल गंधार, शुद्ध गंधार. चार उड्यांची चार नावे, आणि प्रत्येकीचा परिणाम वेगळा. इथे एक गंमत आहे. उडी जितकी लहान तितका धक्का सौम्य असेल, असे आपण धरून चालतो. पण सात शुद्ध स्वरांचे सप्तक एका पट्टीने वर सरकवले तर जुन्या सातांपैकी फक्त दोन स्वर नव्या सप्तकात शिल्लक राहतात. बाकीचे पाच नवे. तेच दोन पट्ट्या सरकवले तर पाच स्वर समाईक राहतात. तीन पट्ट्यांनी चार, आणि चार पट्ट्यांनी तीन. म्हणून 'मॅन इन द मिरर'मधली चिमुकली उडी सगळा रंगच पालटल्यासारखी वाटते आणि व्हिटनीची तिच्या दुप्पट उडी त्या मानाने ओळखीच्या घरात वरच्या मजल्यावर गेल्यासारखी. व्हिटनीच्या गाण्यात काटा येतो त्यात उडीइतकाच वाटा आधीच्या शांततेचा आणि गळ्याच्या ताकदीचा आहे. गळा हा मोठा भागीदार आहेच. तीच ओळ वरच्या पट्टीत गाताना कंठ ताणला जातो, आवाजाला धार येते, आणि ऐकणाऱ्याचा कान त्या ताणाला भावना म्हणून वाचतो.

उडीचा आकार हा इतका भरवशाचा पुरावा का, तर तो वेगाने बिघडत नाही. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर सहा टक्के जोरात फिरली तर सगळे गाणे एक पट्टी वर जाते. हळू फिरली तर खाली. इंटरनेटवर चढवलेल्या गाण्यांतही हा फरक सर्रास आढळतो. त्यामुळे 'मी ऐकलं तेव्हा ते काळी दोनमध्ये होतं' ही साक्ष कमकुवत. पण गाणे वेगाने वाजो की संथ, आधीच्या आणि नंतरच्या षड्जातले अंतर तेवढेच राहते, कारण दोन्ही एकाच प्रमाणात सरकतात.

ट्रॉम्बेतला एक शोध

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. ट्रॉम्बेच्या टोकाला जेट्टीच्या अलीकडे कोळीवाडा आहे, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला भाभा अणुसंशोधन केंद्र, आणि वाटेत अणुशक्तीनगर, मानखुर्द, चीता कॅम्प. त्यामुळे या भागातल्या लग्नांत कोळीगीते, भीमगीते, कव्वाली, हिंदी सिनेमा आणि चर्चमधली इंग्रजी गाणी एकाच संध्याकाळी दोन-चार गल्ल्यांच्या अंतराने ऐकू येतात. आमच्या ओळखीचे एक काका, अणुकेंद्रातून यंत्रकारागीर म्हणून निवृत्त झालेले, वयाची ऐंशी ओलांडलेले, अशाच एका लग्नाच्या मंडपावरून चालले होते. आत सॅक्सोफोन आणि कीबोर्ड असा जोड वाजत होता. शब्द नव्हतेच. चाल त्यांच्या ओळखीची होती, कारण त्यांच्या पत्नी ती स्वयंपाकघरात गुणगुणायच्या. त्या कुठल्या तरी शाळेत शिपाईकाम करत आणि मुलांच्या कार्यक्रमात ती चाल त्यांच्या कानावर पडली होती. त्यांना तिचे नाव ठाऊक नव्हते आणि काकांनी ते कधी विचारले नव्हते. पत्नी जाऊन चार वर्षे झाली होती. मंडपातल्या वाद्याने ती चाल वाजवली आणि पत्नी जिथे थांबायच्या त्याच्या पुढे नेऊन वर चढवली.

"ती इथं थांबायची, कारण पुढं गळा पोचत नसावा," काका म्हणाले. "मला त्या गाण्याचं नाव पाहिजे. पुढं काय आहे ते ऐकायचंय."

काका पूर्वी भजनी मंडळात पेटी वाजवत, त्यामुळे कसोटी घेणे सोपे गेले. पहिले काम, त्यांच्याकडून चढाच्या आधीचे आणि नंतरचे धृपद गाऊन घेणे. पहिल्या वेळी त्यांचा षड्ज पांढरी तीनवर आला आणि चढानंतर पांढरी पाचवर. अंतर तीन पट्ट्यांचे, म्हणजे कोमल गंधार. तेवढ्यावर थांबलो असतो तर शोध 'लिव्हिन ऑन अ प्रेअर'कडे गेला असता.

पण पांढरी पाचवर पोचताना त्यांचा आवाज फाटत होता. ही ठरलेली अडचण आहे: गुणगुणणारा माणूस आपल्या गळ्याच्या छतापाशी उडी आखूड करतो आणि ती आखूड झाल्याचे त्याला कळत नाही. उपाय म्हणजे सुरुवात खालून करून घेणे. त्यांना पांढरी एक धरून दिली तेव्हा चढानंतरचा षड्ज पांढरी तीनवर आला. मग पांढरी दोन दिली, तेव्हा काळी तीनवर. दोन्ही वेळा अंतर चार पट्ट्यांचे. छताचा अडसर नव्हता तेव्हा उडी दोनदा सारखीच आली. हा शुद्ध गंधार.

दुसरी अडचण षड्ज कोणता मानायचा याची होती. काकांच्या चालीत धृपदाची सुरुवात उदास रंगाची होती. तिथे पेटीवर त्यांची बोटे साथीचा जो स्वर शोधत होती तो षड्ज नव्हता, त्याच्या खालचा धैवत होता. षड्ज खऱ्या अर्थाने ओळीच्या शेवटीच ठरत होता. अशा चालीत एक ऐकणारा धैवताला घर मानतो, दुसरा षड्जाला, आणि दोघांच्या पट्ट्या जुळत नाहीत. यावर वाद घालण्याची गरज नसते. चढाआधी जो स्वर धरला तोच स्वर, त्याच शब्दावरचा, चढानंतरही धरायचा. काय नाव दिले यापेक्षा दोन्हीकडे एकच नाव दिले, हे महत्त्वाचे. धैवतापासून धैवतापर्यंत मोजले तरी उत्तर चार पट्ट्यांचेच आले.

तिसरी पायरी, उडीच्या आसपासची परिस्थिती. यासाठी काकांना तीन प्रश्न विचारले. चढ एकदा होतो की पुन्हापुन्हा? एकदा. वर गेल्यावर गाणे परत खाली येते का? नाही, तिथेच संपते. चढाआधी लगेच काय होते? मधे बासरीसारख्या बारीक सुरात मुख्य चालीचा तुकडा वाजतो, त्यावरून धृपद वर जाते. पाय चुकत नाही.

या तीन उत्तरांनी चार पट्ट्यांची उडी असलेली इतर गाणी गळतात. बियॉन्सेचे २०११चे 'लव्ह ऑन टॉप' पांढरी एकवरून पांढरी तीनवर जाते, म्हणजे एकूण अंतर तेच चार पट्ट्यांचे. पण ते एकेक पट्टी करत चार वेळा चढते. नुसती सुरुवात आणि शेवट मोजणारा इथे हमखास फसतो. मोरिस राव्हेलची १९२८ची 'बोलेरो' ही वाद्यरचनाही शेवटाकडे पांढरी एकवरून पांढरी तीनवर उडी मारते. सुमारे पाव तास एकाच पट्टीवर घोटलेली चाल अचानक वर जाते आणि ऐकणारा खुर्चीत सरळ होतो. पण त्या उंचीवर ती जेमतेम आठ मात्राखंड थांबते आणि परत खाली येऊन कोसळते. शिवाय तिच्या तळाशी छोट्या ढोलाचा तीन मात्रांचा ठेका अथक चालू असतो. काकांचे गाणे चार मात्रांचे होते. पाय चुकत नाही, हे उत्तरही उपयोगी पडले. 'लिव्हिन ऑन अ प्रेअर'मध्ये चढाच्या तोंडाशी एक मात्रा गिळलेली आहे, त्यामुळे टाळी धरणाऱ्याचा हात तिथे हमखास हवेत राहतो. उडी तीनची की चारची, याबद्दल उरलीसुरली शंका या एका मात्रेने मिटली.

उरले 'टायटॅनिक'चे गाणे. नाव ऐकून अनेक वाचकांना हसू येईल. ते गाणे कुणाला माहीत नाही? पण इंग्रजी चित्रपट कधी न पाहिलेल्या माणसाला ते माहीत असण्याचे कारण नाही, आणि ज्यांच्या तोंडून त्याने ते ऐकले त्यांनाही नाव ठाऊक नव्हते. शेवटची पायरी पडताळ्याची. मूळ ध्वनिमुद्रण लावून पेटीवर पांढरी तीन दाबून धरली. तिसरे मिनिट उलटून गेल्यावर दाबलेली पट्टी एकाएकी गाण्याशी भांडू लागली, आणि काळी चार दाबताच भांडण मिटले. काकांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले. मग पुन्हा पहिल्यापासून लावून, चढाच्या आधी आपल्या हाताने थांबवले.

यंत्रे हा चढ का ऐकत नाहीत?

हा सगळा खटाटोप मोबाइलने का केला नसता, असा प्रश्न साहजिक आहे. गाणे ओळखणाऱ्या सेवांच्या दोन जाती आहेत. पहिली जात चालू असलेले ध्वनिमुद्रण ऐकते. शॅझमची पद्धत एव्हरी वांग यांनी २००३ साली मांडली, तिचा गाभा असा: ध्वनीच्या आलेखातली ठळक शिखरे टिपायची, त्यांच्या जोड्यांतले अंतर नोंदवायचे आणि साठ्यातल्या मुद्रणांशी ताडायचे. ही जुळणी त्या एका मुद्रणाशी होते, गाण्याशी नव्हे. मंडपातला सॅक्सोफोन हे वेगळे वादन; तिथे ही पद्धत मुकी राहते. तेच मुद्रण एक पट्टी वर सरकवले तरी शिखरांच्या जागा बदलतात आणि ओळख अवघड होते.

दुसरी जात गुणगुणणे ऐकते. तिची मुळे कागदावरच्या कोशांत आहेत. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली चालींचा एक कोश काढला. त्यात प्रत्येक चालीसाठी एवढेच नोंदले होते, की पुढचा स्वर आधीच्या स्वरापेक्षा वर आहे, खाली आहे की तोच आहे. पेटी न येणाऱ्यालाही त्यामुळे चाल शोधता येते. गुणगुणण्यावरून शोधणाऱ्या संगणकीय पद्धती पुढे बऱ्याच सूक्ष्म झाल्या, पण एक तत्त्व त्यांनी पाळलेच: कोण कुठल्या पट्टीत गातो याला महत्त्व द्यायचे नाही. स्त्रीने गायले, पुरुषाने गायले, पोराने गायले, चाल एकच ओळखली जावी यासाठी पट्टी आधीच पुसून टाकायची. ते बरोबरच आहे. पण मग चढाआधीचे धृपद आणि चढानंतरचे धृपद या पद्धतीला तंतोतंत एकच दिसते. ऐकणाऱ्याच्या मनात जे सर्वांत ठळक उरले आहे, तेच यंत्राने सोयीसाठी फेकून दिलेले असते.

माणूस मात्र पट्टी पुसत नाही, निदान पूर्ण पुसत नाही. डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४६ जणांना आवडीची लोकप्रिय गाणी आठवणीतून म्हणायला सांगितले होते. दोनपैकी निदान एका प्रयत्नात सुमारे ४० टक्के लोकांनी मूळ मुद्रणाचीच पट्टी पकडली. हे लोक संगीत शिकलेले असतील असे धरलेले नव्हते. ज्यांनी गाणे एकाच मुद्रणातून शेकडो वेळा ऐकले आहे त्यांच्या डोक्यात पट्टी बरीचशी शाबूत राहते. काकांनी पहिल्या वेळी, काहीही न सुचवता, मूळ गाण्याचीच पांढरी तीन धरली होती. तो योगायोगही असू शकतो, कारण पत्नीकडून आणि मंडपातून ऐकलेली पट्टी कोणती होती हे आता तपासता येत नाही. म्हणून अशा जुळणीला पुरावा न मानता केवळ दुजोरा मानावा.

कुठे फसते?

या पद्धतीची खरी कमजोरी वादकांच्या हातात आहे. मूळ गाणे चार पट्ट्या चढते म्हणून लग्नातला वादक चढवेलच असे नाही. कीबोर्डवर पट्टी बदलण्याचे बटण असते. एकदा दाबले की एक पट्टी. बोटांची ठेवण तीच ठेवून वादक बटण दाबतो आणि गाणे वर जाते. चार वेळा दाबण्याऐवजी घाईत दोन वेळा दाबले तर गंधाराचा रिषभ होतो आणि शोधणारा व्हिटनीच्या दारात जाऊन उभा राहतो. सॅक्सोफोनवाल्याला असे बटण नाही. त्याला सगळी बोटे बदलावी लागतात, म्हणून पुष्कळदा तो चढ गाळूनच टाकतो. सुट्या साथीच्या तारा असलेल्या बेंजोवर तर अडचण मुळातच आहे. कळा दाबून चाल वर नेता येते, पण साथीच्या तारा जुन्याच षड्जावर झंकारत राहतात. तिथे वादक चढ टाळतो किंवा त्या तारांवर हात ठेवून त्यांना गप्प करतो. मंडपात ऐकलेल्या गाण्यात चढ नव्हता, यावरून मूळ गाण्यात तो नाही असे म्हणता येत नाही. चढ होता, तर मात्र तो मूळ गाण्यातून आला असण्याचीच शक्यता जास्त, कारण विनाकारण एवढी मेहनत कोणी वादक घेत नाही.

दुसरी मर्यादा गर्दीची. चार पट्ट्यांची उडी दुर्मीळ आहे, म्हणून काकांचा शोध लवकर संपला. एका किंवा दोन पट्ट्यांचा चढ घेणारी गाणी शेकड्यांनी आहेत. तिथे उडीचा आकार यादी फक्त थोडी आखडतो. मग आसपासच्या खुणांवर भार टाकावा लागतो: चढाआधी शांतता आहे की ढोलाचा ठोका, मधे कुठले वाद्य वाजते, एखादी मात्रा गहाळ आहे का, चढ एकदा की टप्प्याटप्प्याने, आणि वर गेल्यावर गाणे किती वेळ टिकते. या खुणा विचारून काढाव्या लागतात, कारण ऐकणारा त्या आपणहून सांगत नाही. त्याच्या दृष्टीने गाणे फक्त 'वर गेलं' असते.

विचारताना एक पथ्य पाळावे. उत्तर सुचवू नये. 'मधे बासरी होती ना?' असे विचारले की बासरी होतीच, असे माणसाला आठवू लागते. 'मधे काय होतं?' एवढेच विचारावे आणि पेटीचा भाता हलकेच चालू ठेवावा. स्वर कानावर असला की आठवण शब्दांपेक्षा लवकर येते, आणि बोट आपोआप योग्य पट्टीवर जाते.